‘पॅकेज ४.२ लाखांपर्यंत’: माझ्याच जाहिरातीतला एक शब्द

पोस्ट थोडी मोठी झालीय. पण वसई-विरारमध्ये नोकरी शोधणाऱ्यांनी आणि नोकरी देणाऱ्यांनी, दोघांनीही शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती.

मी वसई पूर्वेला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. सगळे मिळून आम्ही तेवीस जण. वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर या पट्ट्यात जे छोटे कारखाने आणि गाळे आहेत, त्यांच्यासाठी बिलिंगचं आणि मालाच्या साठ्याचं सॉफ्टवेअर बनवतो आणि सांभाळतो. आमच्याकडे एचआर नावाचं खातं नाही. माणूस हवा असला की जाहिरात मीच लिहितो, ग्रुपवर मीच टाकतो आणि मुलाखतही मीच घेतो. त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यात दोष कुणा दुसऱ्याचा नाही. माझाच आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्हाला एक डेव्हलपर हवा होता. मी नेहमीसारखी पोस्ट केली. नेटवरून एक फोटो उचलला: काचेची इमारत, लॅपटॉपभोवती हसणारी चार गोरी माणसं. खाली लिहिलं:

“आम्ही झपाट्याने वाढत आहोत! आमच्या कुटुंबात सामील व्हा! डायनॅमिक आणि पॅशनेट सॉफ्टवेअर डेव्हलपर हवेत. आकर्षक पॅकेज ४.२ लाखांपर्यंत. उत्तम वातावरण. वाढीच्या अमर्याद संधी. त्वरित संपर्क साधा.”

धडाधड लाइक आले. आठवड्याभरात पावणेदोनशेच्या वर बायोडेटा आले. मला वाटलं, काय झक्कास लिहितो आपण!

त्यातून एका मुलीची निवड झाली. नालासोपाऱ्याची. दोन वर्षांचा अनुभव, एसक्यूएल पक्कं, बोलायला शांत. अंधेरीला नोकरी करत होती, हातात सव्वीस हजार येत होते. सकाळी नालासोपाऱ्याला लोकलमध्ये शिरणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. तिला आम्ही पूर्ण ४.२ लाख दिले, एक रुपया कमी केला नाही. तिने राजीनामा दिला, तिथला नोटीस पिरियड भरला आणि आमच्याकडे आली.

पहिला पगार झाला त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. “सर, काहीतरी चुकलंय का? पंचवीसच आलेत.”

काही चुकलं नव्हतं. हिशेब असा होता.

४ लाख २० हजार भागिले बारा म्हणजे ३५,०००. हा आकडा तिने घरी धरला होता. पण त्या ४.२ लाखांत ६०,००० रुपये वर्षअखेरचा कामगिरी बोनस होता. तो मिळालाच तर वर्षाच्या शेवटी. कंपनी भरते तो पीएफचा हिस्सा दरमहा १,८०० धरून वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटीपोटी बाजूला ठेवायचे सुमारे ८,७००, जे पाच वर्षं टिकली असती तर तिला मिळाले असते. मेडिक्लेमच्या ग्रुप पॉलिसीचा हप्ता ५,७००. एकूण ९६,००० रुपये असे, की जे कागदावर तिच्या नावावर होते पण महिन्याला हातात येणार नव्हते. उरले ३ लाख २४ हजार, म्हणजे महिन्याला २७,०००. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला की राहिले बरोबर २५,०००. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, तेव्हा त्याहून शंभर कमी.

म्हणजे जाहिरात वाचून तिच्या मनात बसले ३५, खात्यात आले २५. अंधेरीला मिळायचे त्याहूनही हजार कमी.

हे सगळं ऑफर लेटरमध्ये होतं. तिसऱ्या पानावर, तक्त्यात. मी तिला तसं म्हणालोही. कायद्याने मी बरोबर होतो. त्यावर ती जे बोलली ते मी अजून विसरलेलो नाही. म्हणाली, “सर, पंचवीस लिहिलं असतं तरी मी आले असते कदाचित. घराजवळ आहे ना, रोजचे तीन तास वाचतात. पण मग मी भावाच्या डिप्लोम्याच्या फीचं कर्ज माझ्या नावावर घेतलं नसतं.”

चौथ्या महिन्यात ती गेली. परत अंधेरीला, दुसऱ्या कंपनीत. जुनी जागा भरली गेली होती. मधले महिने तिने कसे काढले मी विचारलं नाही, विचारायचं तोंड नव्हतं. आमचंही नुकसान झालंच. तीन महिने शिकवलेलं माणूस गेलं, पुन्हा शोधाशोध आली. पण तिच्या नुकसानीपुढे ते काहीच नव्हतं.

त्या पोस्टमध्ये एकही शब्द खोटा नव्हता. ‘पर्यंत’ हा शब्दही खरा होता. आपल्याकडच्या बहुतेक जाहिरातींची गंमत हीच आहे. खोटं कुणी लिहीत नाही, फक्त वाचणाऱ्याचा गैरसमज होईल इतकंच खरं लिहितात.

त्यानंतर मी जाहिरात लिहायची पद्धत बदलली. काय बदललं आणि त्याचं काय झालं, ते सांगतो.

पहिली गोष्ट पगार. आता मी पॅकेज लिहीत नाही. ‘हातात दरमहा सुमारे इतके’ असं लिहितो. पीएफ आणि व्यवसाय कर कापून. घरातला माणूस हप्ता, भाडं, फी, किराणा यांचा हिशेब महिन्याच्याच आकड्यावर करतो, वार्षिक आकड्यावर कुणीही करत नाही. बोनस असेल तर वेगळ्या ओळीत, आणि तो खरंच मिळतो का हेही त्याच ओळीत. आमचा बोनस नफ्यावर असतो. एका वर्षी मिळाला, त्याच्या आदल्या वर्षी मिळाला नव्हता. तसंच लिहितो.

अनुभवाप्रमाणे पगार बदलणार असेल तर ‘२२ ते २७ हजार’ एवढं लिहूनही भागत नाही. कारण वाचणारा २७ वाचतो आणि देणाऱ्याच्या मनात २२ असतात. म्हणून कुणाला किती हे तिथेच सांगावं: फ्रेशरला २२, वर्षभराचा अनुभव असेल तर २५, दोन वर्षं आणि एसक्यूएल पक्कं असेल तर २७. तीन आकडे, तीन कारणं. मुलाखतीत घासाघीस उरत नाही. घासाघीस करायला लाजणारी मुलंच त्यात नेहमी मार खातात, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या पिढीतली शिकलेली असतात.

इथे माझे ओळखीचे कंपनीवाले लगेच म्हणतात, “अरे, पगार उघड लिहिला तर आतली माणसं भडकतील.” बरोबर आहे, भडकतात. पगार न लिहिण्याचं खरं कारण स्पर्धकाची भीती हे नसतं, तेच असतं. मी पहिल्यांदा पगाराचा आकडा टाकला त्याच दुपारी आमच्याकडे तीन वर्षं काम करणारा एक मुलगा आला आणि म्हणाला, “दादा, नवीन येणाऱ्याला पंचवीस आणि मला साडेपंचवीस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मालकांशी बोललो. पुढच्या महिन्यात त्याचा पगार वाढवावा लागला, आणखी दोघांचाही. खर्च वाढला. पण त्यात पोस्टचा काय दोष? तो अन्याय आधीपासून आत होताच, पोस्टने तो फक्त उघड्यावर आणला. म्हणून छोट्या कंपनीवाल्यांना माझं सांगणं आहे: आकडा टाकण्याआधी आतल्या माणसांचे पगार एकदा समोर घेऊन बसा. पोस्ट त्यानंतर करा.

दुसरी गोष्ट जागा. आपल्या भागात ही पगाराच्या खालोखाल महत्त्वाची ओळ, आणि हीच आपण वाया घालवतो. ‘मुंबई’ असं लिहून टाकतात, कारण ते मोठं वाटतं! विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. पहाटे डबा भरून निघणारी आणि रात्री नऊला घरी शिरणारी हजारो माणसं आपल्याच सोसायट्यांत राहतात. त्यांच्यासाठी ‘वसई पूर्व’ हे दोन शब्दच आमच्याकडची सगळ्यात मोठी सोय आहे. मोठ्या कंपन्यांशी पगारात आम्ही बरोबरी करू शकत नाही, पण हे त्यांना देता येत नाही. मग लपवायचं कशाला?

पण तेही नीट लिहायचं. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं सगळेच लिहितात, आणि ती पाच मिनिटं मालकाच्या गाडीची असतात. मी स्वतः एकदा सकाळी साडेनऊला स्टेशनच्या पुलावरून निघून घड्याळ लावून चाललो. सोळा मिनिटं लागली. पोस्टमध्ये सोळा लिहितो. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हेही लिहितो. आधी लिहीत नव्हतो. एकदा कुबड्या घेऊन एक उमेदवार मुलाखतीला आला, जिना चढून वर आला आणि घामाघूम होऊन खुर्चीत बसला. त्या दिवशी कळलं की ही ओळ न लिहिणं म्हणजे विसरभोळेपणा नाही, दुसऱ्याला दिलेला त्रास आहे. आता त्याच ओळीत ‘जिना अडचणीचा असेल तर कळवा, मुलाखत खालच्या गाळ्यात किंवा व्हिडिओवर घेऊ’ असं जोडतो.

तिसरी गोष्ट काम, आणि त्यातला त्रास. ‘उत्तम वातावरण’ म्हणजे काय? एसी आहे? वातावरण चांगलं आहे की नाही ते आत काम करणारा सांगेल, जाहिरात लिहिणाऱ्याने सांगून काय उपयोग! त्यापेक्षा काम काय आहे ते सांगावं. आमचं काम असं: सॉफ्टवेअर जुनं आहे, सी शार्प आणि एसक्यूएल सर्व्हरवर चालतं. निम्मा वेळ नवीन रिपोर्ट आणि नवीन सोयी लिहिण्यात जातो, निम्मा वेळ गिऱ्हाइकाची अडचण सोडवण्यात. महिन्यातून तीन-चार वेळा एखाद्या गाळ्यात जाऊन बसावं लागतं, शेजारी पॉवर प्रेसचा आवाज असतो.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम लिहितो. जीएसटीआर-१ची शेवटची तारीख ११, जीएसटीआर-३बीची २०. दर महिन्याला भरणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांना सॉफ्टवेअरमधली प्रत्येक चूक नेमकी त्याच्या आदल्या दोन दिवसांत दिसते. त्यामुळे ९ ते ११ आणि १८ ते २० या तारखांना फोन थांबत नाही, सात वाजता निघायचं म्हटलं तर साडेआठ होतात. हे लिहायला मालक तयार नव्हते. म्हणाले, “अरे, असं लिहिलंस तर येणार कोण?” मी म्हटलं, जो येईल तो दहा तारखेला पळून जाणार नाही. आधीचे दोघं पहिल्याच महिन्याच्या वीस तारखेनंतर आले नव्हते, हे त्यांना आठवलं. मग ओळ राहिली. तिच्यासोबत दुसरी ओळही आली, आणि ती मी मुद्दाम पदरात पाडून घेतली: त्या दिवसांत जादा बसलेले तास त्याच महिन्यात सुट्टी म्हणून परत मिळतील. त्रास लिहून काढला की त्याची भरपाई काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. खरं लिहिण्याचा हा फायदा मला आधी माहीत नव्हता.

‘आम्ही एक कुटुंब आहोत’ हे वाक्य मात्र कायमचं काढलं. कुटुंबात ओव्हरटाइम मागत नाहीत, त्यासाठीच ते वाक्य असतं.

चौथी गोष्ट अटी. दोन वर्षांच्या अनुभवासाठी चौदा तंत्रज्ञानांची यादी लिहिणारी जाहिरात तुम्ही पाहिलीच असेल. ती यादी कुठूनतरी उचललेली असते. त्यातलं रोज काय लागतं, असं स्वतःला विचारलं तेव्हा आमच्या यादीत दोनच गोष्टी उरल्या: एसक्यूएल आणि कुठलीही एक प्रोग्रॅमिंग भाषा नीट. बाकी आम्ही शिकवतो. लांब यादी बघून गप्प बसतो तो प्रामाणिक मुलगा. ज्याला काहीच येत नाही तो बिनधास्त अर्ज करतो. म्हणजे यादीमुळे नको ती माणसं येतात आणि हवी ती बाहेर राहतात.

यादीऐवजी पोस्टच्या शेवटी मी एक छोटा प्रश्न टाकतो. मागच्या वेळचा हा:

```sql
SELECT i.name, SUM(s.qty) AS total
FROM items i
LEFT JOIN sales s ON s.item_id = i.id
GROUP BY i.id, i.name;
```

प्रश्न एवढाच: ज्या मालाची एकदाही विक्री झाली नाही, त्याच्यापुढे काय दिसेल? गिऱ्हाइकाला तिथे शून्य हवं असेल तर काय कराल? (उत्तर: शून्य दिसत नाही, `NULL` दिसतं. `COALESCE` लावून त्याचं शून्य करायचं.) उत्तर अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहायचं. हा आमच्या रोजच्या कामातलाच तुकडा आहे. ज्याला जमतं त्याला काम कसं असेल याचा अंदाज येतो. ज्याला जमत नाही त्याचा मुलाखतीला यायचा रिक्षाचा खर्च वाचतो. उत्तर शोधून लिहिता येतं हे मला माहीत आहे. शोधून, समजून लिहिलं तरी चालतं, मुलाखतीत त्यावरच पुढचा प्रश्न असतो.

आता एक तांत्रिक बाब, कारण कॅप्शन कुठे वाचलं जातं यावर ते कसं लिहायचं हे ठरतं. फोनवर पोस्टच्या पहिल्या दोन-तीनच ओळी दिसतात, बाकी ‘आणखी पहा’च्या मागे जातं. मी तिथे ‘आम्ही झपाट्याने वाढत आहोत’ लिहून ती जागा फुकट घालवत होतो. आता तिथे पद, जागा, हातातला पगार आणि शेवटची तारीख एवढंच असतं.

दुसरं म्हणजे, आपल्याकडे नोकरीची जाहिरात फेसबुकवरून कमी आणि सोसायटीच्या, मंडळाच्या, नात्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून जास्त फिरते. विरारची एखादी मावशी आगाशीच्या भाच्याला पाठवते. अशा वेळी फोटो एकीकडे जातो, मजकूर दुसरीकडे. म्हणून त्या चार गोष्टी फोटोवरही हव्यात आणि खालच्या मजकुरातही हव्यात. नुसत्या फोटोवर लिहून ठेवलं तर ज्यांना दिसत नाही आणि जे फोनकडून मजकूर वाचून घेतात, त्यांना त्यातलं काहीच कळत नाही. आणि शेवटची तारीख विसरू नका, वर्षासकट टाका. माझी ती जुनी, तारीख नसलेली पोस्ट अजून फिरतेय. गेल्या महिन्यात पालघरहून एक मुलगा ती वाचून थेट ऑफिसला आला होता. जागा भरून दीड वर्ष झालं होतं. त्याला चहा दिला, माफी मागितली. त्याचा अर्धा दिवस गेला तो गेलाच.

मराठीत लिहायचं की इंग्रजीत? मी मराठीत लिहितो, तांत्रिक शब्द सगळ्यांना कळतात तसेच ठेवतो. कारण जाहिरात आधी मुलगा वाचत नाही, त्याची आई किंवा काका वाचतात आणि पुढे पाठवतात. त्यांना कळलं पाहिजे.

सगळं मिळून आमचं आताचं कॅप्शन असं असतं. कुणाला उचलायचं तर खुशाल उचला, फक्त आकडे आणि अटी तुमच्या खऱ्या टाका:

“सॉफ्टवेअर डेव्हलपर, १ जागा. वसई पूर्व, स्टेशनपासून चालत १६ मिनिटं.
हातात दरमहा सुमारे २२,००० (फ्रेशर), २५,००० (१ वर्ष), २७,००० (२ वर्षं आणि एसक्यूएल पक्कं). पीएफ आणि व्यवसाय कर कापून.
अर्जाची शेवटची तारीख (दिवस, महिना, वर्ष).

काम: छोट्या कारखान्यांचं बिलिंग आणि साठ्याचं सॉफ्टवेअर. निम्मा वेळ नवीन लिहिणं, निम्मा वेळ गिऱ्हाइकाच्या अडचणी. महिन्यातून तीन-चार वेळा गाळ्यात जावं लागतं, रिक्षाचे पैसे कंपनी देते.
वेळ: १० ते ७, मध्ये एक तास जेवण. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. दर महिन्याच्या ९ ते ११ आणि १८ ते २० तारखांना उशीर होतो, ते तास त्याच महिन्यात सुट्टी म्हणून परत.
घरून काम: रोज नाही. पावसात लोकल बंद पडली तर नक्की.
बोनस: नफा झाला तर. गेल्या वर्षी मिळाला, त्याआधी नाही.
पहिले तीन महिने पगार पूर्ण. बॉण्ड नाही. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेत नाही. नोटीस ३० दिवस.
ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना अडचणीचा असेल तर आधी कळवा, मुलाखत खालच्या गाळ्यात किंवा व्हिडिओवर घेऊ.
निवड: एक तासाची परीक्षा आणि एक मुलाखत, दोन्ही एकाच दिवशी. हो किंवा नाही, सात दिवसांत कळवू.
आम्ही कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाही.”

फोटो आमच्याच ऑफिसचा असतो. टेबलं जुनी आहेत, खिडकीतून समोरच्या गाळ्याचा पत्रा दिसतो. तो दिसू द्यावा.

यातल्या दोन ओळींबद्दल थोडं. बॉण्ड मुळातच बेकायदा असतो असा अनेकांचा समज आहे, तो बरोबर नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. म्हणून कुणी बॉण्ड घेत असेल तर त्याची रक्कम आणि मुदत जाहिरातीतच लिहावी, रुजू व्हायच्या दिवशी सहीला पुढे सरकवू नये. आणि ‘पैसे घेत नाही’ ही ओळ यासाठी, की नोकरीच्या नावाखाली ‘रजिस्ट्रेशन’, ‘ट्रेनिंग डिपॉझिट’, ‘लॅपटॉप फी’ मागणारे ग्रुपवर भरपूर आहेत. कुणी पैसे मागितले तर ती नोकरी नाही असं समजा. पैसे ऑनलाइन गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

आता परिणाम. नवीन पद्धतीच्या पोस्टला लाइक कमी येतात. मागच्या वेळी अर्ज आले एकतीस, पूर्वीच्या पावणेदोनशेच्या तुलनेत काहीच नाहीत. पण त्यातल्या बावीस जणांनी प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं. सहाजणांना बोलावलं, सहाही आले. निवडलेल्या मुलाने पहिल्या पगाराच्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन काही विचारलं नाही. एवढी एक गोष्ट मला पुरे आहे. तो किती टिकेल हे मी सांगू शकत नाही. उद्या त्याला ऐरोलीला चाळीस हजार मिळाले तर जाईल, आणि जावंच त्याने.

खरं लिहिलं की सगळं ठीक झालं, असंही मला म्हणायचं नाही. पंचवीस हजार हा पगार कमी आहे. मी तो प्रामाणिकपणे लिहिला म्हणून तो जास्त होत नाही. पण तो आकडा उघड्यावर आल्यामुळे आमच्या मालकांना दर वेळी पोस्ट करण्यापूर्वी तो बघावा लागतो, आणि शेजारच्या कंपनीने सत्तावीस लिहिले तर आम्हाला विचार करावा लागतो. ‘आकर्षक पॅकेज’ लिहून कुणालाच कधी विचार करावा लागत नाही.

वसई-विरारमध्ये नोकऱ्या वाढाव्यात, मुलांना रोज विरार फास्टला लटकायला लागू नये, असं आपण सगळेच म्हणतो. निवडणुकीत तर जास्तच म्हणतो. पण इथल्या कंपनीची जाहिरात वाचून आलेली माणसं दोनदा फसली की तिसऱ्यांदा येत नाहीत. मग ती म्हणतात, “वसईत काय राव, अंधेरीच बरी.” हे वाक्य मी ऐकलंय, आणि त्यात माझाही हात आहे.

माझ्यासारखीच जाहिरात लिहिणारे कुणी हे वाचत असतील, त्यांना एकच विनंती. पुढची पोस्ट टाकण्याआधी तिच्यातला वार्षिक आकडा खोडा आणि त्याजागी महिन्याला खात्यात येणारा आकडा लिहा. तो लिहायला संकोच वाटला, तर आधी त्या संकोचाबद्दल मालकांशी बोला.

आणि नोकरी शोधणाऱ्यांनो, जाहिरातीत आकडा नसेल तर पहिल्याच फोनवर विचारा: “हातात महिन्याला किती?” विचारायला लाजू नका. राजीनामा देण्याआधी पगाराचा पूर्ण तक्ता हातात घ्या. तो तिसऱ्या पानावर असतो.